तीन विक्री, तीन तारखा: ठाण्यातील एका पहिल्यांदा विकणाऱ्या गुंतवणूकदाराचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स आणि रिटर्न

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहणाऱ्या, ऐरोलीतल्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या 38 वर्षांच्या बाईंचे हे प्रकरण. ते नमुन्यादाखल मांडले आहे आणि हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल ठेवले आहेत. मात्र असे प्रकरण मार्च आणि जुलै महिन्यांत करसल्लागाराच्या टेबलावर हमखास येते. आर्थिक वर्ष 2025-26, म्हणजे करनिर्धारण वर्ष 2026-27. पगार 18 लाख, नवी करप्रणाली. पगारावरचा 1,50,800 रुपये कर कंपनी दरमहा टीडीएस कापून भरते. आजवर दरवर्षी आयटीआर-1 भरून विषय संपत असे.

या वर्षी गृहकर्ज थोडे उतरवायचे म्हणून बाईंनी साठवलेली गुंतवणूक पहिल्यांदाच विकली. 22 ऑगस्ट 2025 ला एका कंपनीचे 400 शेअर, 9 डिसेंबर 2025 ला इक्विटी म्युच्युअल फंडातली सगळी एसआयपी आणि 24 मार्च 2026 ला एक डेट फंड. तिन्ही मिळून 14,47,000 रुपये हातात आले आणि ते बहुतेक कर्जखात्यात गेले.

मार्चमध्ये, तिसऱ्या विक्रीच्या आधी, त्या नौपाड्यातल्या सीएंकडे गेल्या ते आयटीआर-1 लाच चालेल ना, एवढे विचारायला.

"सर, टॅक्स तर पगारातून कापला जातोच. आणि हे पैसे मी खर्च केले नाहीत, कर्जात भरले."

"मॅडम, पैसे कुठे गेले त्याने इथे फरक पडत नाही. शेअर किंवा फंड विकल्यावर भारतात राहणाऱ्या माणसाच्या नफ्यातून कोणी टीडीएस कापत नाही. तो कर तुमचा तुम्हालाच भरायचा, आणि त्याच्या तारखा जुलैच्या आधीच येऊन गेल्यात."

सगळ्या गोंधळाचे मूळ या उत्तरात आहे. पगारदाराला कर "आपोआप" जाण्याची सवय असते. भांडवली नफ्यावरचा कर तसा जात नाही. त्याची देय तारीख विक्री कोणत्या दिवशी झाली त्यावरून ठरते, आणि रिटर्नमध्येही ती तारीख सांगावी लागते. बाकीचे सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

(घर विषय असल्यामुळे कलम 54एफ ची आठवण बऱ्याच जणांना होते. दीर्घकालीन शेअर विकून आलेली रक्कम नव्या घरात गुंतवली तर ती सवलत अटींसह मिळू शकते. इथे घर सात वर्षांपूर्वीच घेतलेले होते आणि पैसे जुन्या कर्जाच्या परतफेडीला गेले. त्याला 54एफ लागू होत नाही.)

आधी नफा किती, आणि कोणत्या प्रकारचा

बाईंकडे त्या कंपनीचे 500 शेअर होते. 300 शेअर 12 फेब्रुवारी 2021 ला 420 रुपयांनी घेतलेले आणि 200 शेअर 10 जानेवारी 2025 ला 760 रुपयांनी. विकले 400, भाव 980. "माझे जुने शेअर विकले" असे त्यांचे म्हणणे. पण जुने तर 300 च होते. डीमॅट खात्यात आधी आलेला शेअर आधी गेला असे धरतात, त्यामुळे पहिले 300 संपल्यावर उरलेले 100 हे जानेवारी 2025 चे. ते विक्रीच्या दिवशी सात महिने जुने होते, म्हणजे अल्पकालीन.

दीर्घकालीन नफा 300 गुणिले 560, म्हणजे 1,68,000. अल्पकालीन नफा 100 गुणिले 220, म्हणजे 22,000. अल्पकालीनावर 20 टक्के दर लागतो, दीर्घकालीनावर 12.5 टक्के. शेवटचे 100 शेअर 11 जानेवारी 2026 पर्यंत थांबून त्याच भावाला विकले असते तर सेस धरून 1,716 रुपये वाचले असते. भाव तोपर्यंत टिकला असता का, हा वेगळा प्रश्न आणि त्याचे उत्तर करकायद्यात नाही. पण विकण्याआधी आपल्याकडच्या लॉटची तारीख बघणे एवढे तरी हातात असते.

दलाली नफ्यातून वजा करता येते. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावर लागणारा कर, येत नाही. डीमॅट खात्याची वार्षिक फीही येत नाही. ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये हे सगळे "चार्जेस" म्हणून एकत्र दाखवले असते आणि लोक पूर्ण आकडा वजा करून टाकतात. इथे सोयीसाठी दलाली भावातच धरली आहे.

एसआयपीचे गणितही लॉटचेच, फक्त लॉट 48 आहेत. जानेवारी 2022 पासून दर महिन्याच्या 5 तारखेला 10,000 रुपये. प्रत्येक हप्त्याची युनिट ही वेगळी खरेदी, तिचे वय वेगळे. 9 डिसेंबर 2025 ला विक्री झाली तेव्हा डिसेंबर 2024 पर्यंतचे 36 हप्ते बारा महिन्यांच्या पुढे गेले होते. त्यांची खरेदी 3,60,000, विक्री 5,67,000, दीर्घकालीन नफा 2,07,000. जानेवारी ते डिसेंबर 2025 चे बारा हप्ते अल्पकालीन. खरेदी 1,20,000, एक्झिट लोड जाऊन हातात 1,28,000, नफा 8,000. "चार वर्षांची एसआयपी आहे, म्हणजे सगळी लाँग टर्म" ही समजूत इतकी पक्की असते की फंडाचे कॅपिटल गेन स्टेटमेंट समोर ठेवल्याशिवाय ती जात नाही.

डेट फंड जून 2023 मध्ये 3,00,000 ला घेतलेला, 3,60,000 ला विकला. नफा 60,000. पावणेतीन वर्षे ठेवला तरी हा अल्पकालीनच. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा डेट फंडाचा नफा कितीही काळ ठेवला तरी कलम 50एए नुसार अल्पकालीन धरतात आणि तो पगाराच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. बाईंचा वरचा स्लॅब 20 टक्क्यांचा, म्हणून 12,000. इक्विटीच्या अल्पकालीन नफ्याचा दरही 20 टक्केच असल्यामुळे दोन्ही एकाच रकान्यात टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. एकाचा दर ठरलेला आहे, दुसऱ्याचा उत्पन्नाबरोबर बदलतो, आणि रिटर्नमध्ये दोघांच्या जागा वेगळ्या आहेत.

आता सव्वा लाखाची सूट. या प्रकरणात मोठी चूक होता होता राहिली ती इथे. बाईंकडे शेअरसाठी एक अ‍ॅप आणि फंडासाठी दुसरे. त्यांनी वहीत शेअरच्या 1,68,000 मधून 1,25,000 वजा करून 43,000 लिहिले होते आणि फंडाच्या 2,07,000 मधून पुन्हा 1,25,000 वजा करून 82,000. सूट वर्षाला एकदाच असते, शेअर आणि इक्विटी फंड मिळून, आणि तीही फक्त कलम 112ए मधल्या दीर्घकालीन नफ्याला. एकूण 3,75,000 मधून 1,25,000 गेले की करपात्र 2,50,000 उरतात. वहीतल्या हिशेबाने कर सेससह 16,250 रुपयांनी कमी आला असता. कोणतेही अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपमधली विक्री बघत नाही. दोन ठिकाणी गुंतवणूक असेल तर बेरीज स्वतःच करावी लागते.

एकूण हिशेब असा: दीर्घकालीन 2,50,000 वर 31,250, इक्विटीच्या अल्पकालीन 30,000 वर 6,000, डेट फंडाचे 12,000. बेरीज 49,250, त्यावर 4 टक्के सेस 1,970. एकूण 51,220 रुपये. कलम 87ए ची सवलत इक्विटीच्या या विशेष दराच्या करावर मिळत नाही, हेही लक्षात असावे. "बारा लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्य ऐकून कमी पगाराचे लोक इथे फसतात.

कर कधी भरायचा होता

वर्षभराचा कर, टीडीएस वजा जाता, 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त उरणार असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45, 15 डिसेंबरपर्यंत 75, 15 मार्चपर्यंत 100 टक्के. हे वाचून साहजिक प्रश्न येतो: जूनमध्ये मला काय माहीत की ऑगस्टमध्ये शेअर विकणार आहे? कायद्याने तो प्रश्न सोडवला आहे. भांडवली नफ्याचा अंदाज आधीच्या हप्त्याच्या वेळी बांधता येत नाही हे मान्य करून, नफा झाल्यानंतर जे हप्ते शिल्लक असतात त्यांत कर भरला तर आधीच्या हप्त्यातल्या तुटीवर व्याज लागत नाही. 15 मार्चनंतर नफा झाला तर 31 मार्चपर्यंत भरला की झाले.

याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. नफा झाल्यानंतर येणारा हप्ता चुकवला तर "अंदाज नव्हता" म्हणता येत नाही.

बाईंच्या बाबतीत जूनचा प्रश्नच नाही. 22 ऑगस्टच्या विक्रीनंतर पहिली तारीख 15 सप्टेंबर. तोपर्यंतचा नफा धरला तर 43,000 वर 12.5 टक्के म्हणजे 5,375, अधिक 22,000 वर 20 टक्के म्हणजे 4,400, सेससह 10,166. दहा हजारांची रेषा इथेच ओलांडली गेली. नियमाप्रमाणे यातले 45 टक्के, म्हणजे साधारण 4,575 रुपये, 15 सप्टेंबरला पुरले असते. पण आमचा सल्ला सरळ आहे: विक्रीनंतरच्या पहिल्याच तारखेला त्या विक्रीचा पूर्ण कर भरून टाकावा. उरलेले साडेपाच हजार तीन महिने मुदत ठेवीत ठेवून शंभर रुपयेसुद्धा मिळत नाहीत, आणि 45, 75, 100 चा हिशेब डोक्यातून कायमचा जातो.

त्या पद्धतीने सप्टेंबरला 10,170, 9 डिसेंबरच्या विक्रीनंतर 15 डिसेंबरपर्यंत 28,570 आणि मार्चअखेर डेट फंडाचे 12,480, असे तीन वेळा भरले की 51,220 पूर्ण होतात आणि व्याज शून्य. डिसेंबरला हातात फक्त सहा दिवस होते. फंडाचे पैसेच दोन-तीन दिवसांनी खात्यात येतात. म्हणून हप्त्याच्या तारखेच्या तोंडावर विकणाऱ्याने कराची रक्कम वेगळी काढूनच पुढचा खर्च ठरवावा. बाईंचे पैसे खात्यात आल्याच्या दिवशीच कर्जखात्यात गेले होते.

कोणती तारीख धरायची याबद्दलही घोळ होतो. शेअरसाठी कॉन्ट्रॅक्ट नोटवरची तारीख धरायची. 15 सप्टेंबरला विकलेला शेअर डीमॅटमधून 16 ला गेला तरी विक्री 15 चीच. फंडात ज्या दिवसाची एनएव्ही लागली तो दिवस. 15 डिसेंबरला दुपारी 3 नंतर रिडेम्प्शन टाकले तर एनएव्ही पुढच्या दिवसाची लागते आणि नफा पुढच्या टप्प्यात जातो.

पगारदाराला आणखी एक वाट आहे. कंपनीच्या पगार विभागाला हा नफा लेखी कळवला तर त्यावरचा करही पगारातून टीडीएस म्हणून कापता येतो. कलम 192(2बी) मध्ये तशी सोय आहे. प्रत्यक्षात अनेक पगार विभाग डिसेंबरनंतर काही बदल घ्यायला तयार नसतात. विचारून पाहावे, पण त्या भरवशावर राहू नये.

मार्चमध्ये काय झाले

सीएंनी हिशेब मांडून दिला आणि बाईंनी 12 मार्चला 38,740 रुपये भरले. मार्ग साधा आहे: आयकर पोर्टलवर `e-Pay Tax`, मग `New Payment`, मग `Income Tax`, वर्ष निवडायचे, प्रकारात `Advance Tax (100)`. वर्ष निवडताना त्यांनी 2025-26 निवडले, कारण चालू वर्ष तेच. पण तिथे विचारले जाते ते `Assessment Year`, आणि ते 2026-27 हवे होते. पहिल्यांदा चलन भरणाऱ्यांची यापेक्षा नेहमीची चूक दुसरी नाही. पैसे जातात, पावती येते, सगळे नीट झाल्यासारखे वाटते. पण ते गेलेल्या वर्षाच्या खात्यावर पडतात आणि या वर्षाच्या 26एएस मध्ये, म्हणजे भरलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसत नाहीत.

पावती पाहून सीएंनी दुसऱ्याच दिवशी ते पकडले. पोर्टलवर `Services` मध्ये `Challan Correction` आहे, तिथून वर्ष दुरुस्त केले. ही सोय चलन भरल्यानंतर थोडेच दिवस खुली असते. म्हणून पावती उघडून वर्ष, प्रकार आणि पॅन हे तीन रकाने त्याच दिवशी बघावेत. मुदत गेली की प्रकरण अधिकाऱ्याकडे अर्ज करण्यावर जाते आणि तिथे महिने लागतात. जुलैमध्ये भरायच्या उरलेल्या करासाठी प्रकार वेगळा, `Self-Assessment Tax (300)`. हा फरकही महत्त्वाचा आहे, कारण 100 खाली भरलेली रक्कमच अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणून मोजली जाते.

24 मार्चला डेट फंड विकला आणि 28 मार्चला 12,480 रुपये भरले. 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कम अ‍ॅडव्हान्स टॅक्सच धरतात, त्यामुळे कलम 234बी चे व्याज टळले. ते व्याज समजून घ्यायला हवे. वर्षाअखेर 90 टक्के कर भरलेला नसेल तर एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा 1 टक्का लागतो, आणि महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. बाई सीएंकडे मार्चऐवजी जुलैत गेल्या असत्या तर त्यांनी 31 मार्चपर्यंत अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा एक रुपयाही भरलेला नसता. कायदा पगाराचा टीडीएस वजा करूनच हे 90 टक्के बघतो, म्हणून 51,200 वर चार महिन्यांचे 2,048 रुपये लागले असते.

राहिले 234सी, म्हणजे हप्ता चुकल्याचे व्याज. सप्टेंबर आणि डिसेंबर हे दोन हप्ते नफा झाल्यानंतर चुकले. सप्टेंबरची तूट 10,166 च्या 45 टक्के, शंभरात खाली आणून 4,500, त्यावर तीन महिन्यांचे 3 टक्के म्हणजे 135. डिसेंबरची तूट 38,740 च्या 75 टक्के, 29,000, त्यावर 870. मिळून 1,005 रुपये. मार्चच्या हप्त्यात काही तूट नाही. हे व्याज जुलैमध्ये रिटर्नबरोबर भरायचे.

रिटर्न, आणि तो एक तक्ता

आयटीआर-1 मध्ये सव्वा लाखापर्यंतचा 112ए चा दीर्घकालीन नफा दाखवता येतो. पण अल्पकालीन नफा एक रुपयाचाही असला की ते फॉर्म बाद. बाईंना आयटीआर-2 लागतो. मुदत 31 जुलै 2026. इंट्राडे केले असते तर तो व्यवसायाचा सट्टा धरला जाऊन आयटीआर-3 लागला असता.

कामाला बसताना ब्रोकरचे टॅक्स स्टेटमेंट, फंडांचे कॅपिटल गेन स्टेटमेंट आणि एआयएस, म्हणजे आयकर पोर्टलवरचे तुमच्या व्यवहारांचे वार्षिक माहितीपत्रक, तिन्ही समोर असावेत. एआयएस मधले आकडे जसेच्या तसे उतरवू नयेत. शेअरच्या विक्रीची माहिती तिथे डिपॉझिटरीकडून येते, आणि डिपॉझिटरीला तुमचा सौदा कोणत्या भावाला झाला हे माहीत नसते. ती दिवसाच्या बंद भावावरून अंदाज लावते. 980 ला विकलेला शेअर त्या दिवशी 984.50 ला बंद झाला असेल तर एआयएस 3,93,800 दाखवेल, कॉन्ट्रॅक्ट नोट 3,92,000 म्हणेल. खरा आकडा कॉन्ट्रॅक्ट नोटचा. खरेदी किमतीचा रकाना तर कधी रिकामा असतो, कधी चुकीचा. विशेषतः बोनस मिळालेला, वडिलांकडून आलेला किंवा जुन्या डीमॅटमधून हलवलेला शेअर असेल तेव्हा. फरक मोठा असेल तर एआयएस मध्ये त्या ओळीवर `Information is not fully correct` असा अभिप्राय देऊन ठेवावा आणि कॉन्ट्रॅक्ट नोट जपावी.

नफा तीन ठिकाणी जातो. इक्विटीचा अल्पकालीन 111ए च्या ओळीत: विक्री 2,26,000, खरेदी 1,96,000. डेट फंड "इतर मालमत्ता" या अल्पकालीन ओळीत: 3,60,000 आणि 3,00,000. दीर्घकालीन `Schedule 112A` मध्ये. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेले शेअर असतील तर प्रत्येकाचा आयएसआयएन आणि त्या दिवसाचा भाव देऊन ओळ भरावी लागते. बाईंची सगळी खरेदी त्यानंतरची, म्हणून एकच एकत्रित ओळ पुरते: विक्री 8,61,000, खरेदी 4,86,000. सव्वा लाख इथे वजा करायचे नाहीत. ती सूट कर काढताना फॉर्म स्वतः देतो.

इथपर्यंत बहुतेक लोक नीट येतात आणि `Schedule CG` च्या शेवटी अडकतात. तिथे `Information about accrual/receipt of capital gain` नावाचा तक्ता आहे. वर्षाचे पाच टप्पे आणि प्रत्येक दराचा नफा कोणत्या टप्प्यात झाला ते भरायचे. वर ज्या तारखांची चर्चा झाली त्या पोर्टलला इथूनच कळतात. बाईंचा तक्ता असा:

| टप्पा | अल्पकालीन 20% | अल्पकालीन, स्लॅबप्रमाणे | दीर्घकालीन 12.5% |
|---|---|---|---|
| 15 जूनपर्यंत | 0 | 0 | 0 |
| 16 जून ते 15 सप्टेंबर | 22,000 | 0 | 1,68,000 |
| 16 सप्टेंबर ते 15 डिसेंबर | 8,000 | 0 | 2,07,000 |
| 16 डिसेंबर ते 15 मार्च | 0 | 0 | 0 |
| 16 ते 31 मार्च | 0 | 60,000 | 0 |

घाईत असलेला माणूस सगळा नफा पहिल्या ओळीत टाकतो, कारण बेरीज जुळली की फॉर्म पुढे जाऊ देतो. बेरीज जुळते, पण पोर्टल समजते की सगळे शेअर जूनच्या आधी विकले आणि चारही हप्ते देय होते. मग व्याज असे येते: जूनच्या हप्त्याचे 228, सप्टेंबरचे 690, डिसेंबरचे 1,152 आणि मार्चचे 124, कारण 28 मार्चला भरलेले पैसेही उशिरा आल्यासारखे धरले जातात. एकूण 2,194. लागू व्याज 1,005 आणि चुकीच्या तक्त्यामुळे 1,189 रुपये जास्त. ज्याने तिन्ही तारखा पाळल्या त्यालाही हा तक्ता चुकला तर व्याज लागते, आणि ते का लागले हे कळायला मार्ग नसतो. रिटर्न भरताना 234सी समोर अनपेक्षित आकडा दिसला तर आधी चलन शोधू नये, आधी हा तक्ता उघडावा.

दुसरी चूक म्हणजे दीर्घकालीन रकान्यात सव्वा लाख वजा करून 2,50,000 भरणे. तसे केले की बेरीज मूळ नफ्याशी जुळत नाही आणि फॉर्म अडतो. 3,75,000 च वाटून भरायचे. वर्षात एखादा तोटाही असेल तर मात्र तक्त्यात तोटा वळता केल्यानंतरचा नफा येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वळता होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीनातून. उरलेला आठ वर्षे पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरले असेल तरच.

`Schedule IT` मध्ये दोन्ही अ‍ॅडव्हान्स चलनांचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक आले आहेत का ते बघायचे. मार्चच्या चलनाचे वर्ष खरोखर दुरुस्त झाले की नाही ते इथे शेवटचे कळते. मग 1,005 रुपये 300 खाली भरायचे, ते तिसरे चलन त्याच तक्त्यात जोडायचे, देय शून्य दिसले की रिटर्न सादर करायचे आणि 30 दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचे.

जाता जाता बाईंनी आईबद्दल विचारले. आई 66 वर्षांच्या, पेन्शनवर, त्यांनीही थोडे फंड विकले होते. 60 वर्षांवरच्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही. त्यांनी जुलैमध्ये रिटर्नबरोबर कर भरला तरी 234बी आणि 234सी लागत नाही. शिवाय पेन्शन मूळ सूटमर्यादेपेक्षा, म्हणजे नव्या प्रणालीत 4 लाखांपेक्षा, कमी असेल तर उरलेली मर्यादा भांडवली नफ्यातून वळती होते.

1 एप्रिल 2026 पासूनच्या विक्रीला आयकर कायदा 2025 लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. बाईंकडे अजून ते 100 शेअर शिल्लक आहेत, 10 जानेवारी 2025 चे, आता दीर्घकालीन झालेले. ते कधी विकायचे हे ठरले की त्यानंतरची पहिली हप्त्याची तारीख त्या आधी कॅलेंडरवर लिहून ठेवणार आहेत.